एचडीआर फोटोतली भुतं

देवळाच्या सभामंडपात उभं राहून दाराबाहेर कॅमेरा रोखला, की पंचाईत होते. खांब नीट दिसावेत असा प्रकाश घेतला, तर बाहेरचं अंगण पांढरंफटक पडतं. अंगण सांभाळलं, तर खांब काळोखात बुडतात. म्हणून कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाचे तीन फोटो काढून ते एकत्र करतात. यालाच एचडीआर म्हणतात.

पण त्या तीन फोटोंच्या दरम्यान अंगणातल्या बाई दोन पावलं पुढे गेलेल्या असतात आणि पिंपळाची पानं हललेली असतात. सॉफ्टवेअर तिन्ही फोटो एकमेकांत मिसळतं, तेव्हा बाईंच्या मागे त्यांचीच अर्धपारदर्शक आकृती उमटते आणि पानांच्या कडा दुहेरी होतात. याला घोस्टिंग म्हणतात. ट्रायपॉडने हे टळत नाही. कॅमेरा स्थिर राहिला तरी माणसं चालतच असतात.

निम्मा इलाज फोटो काढतानाच होतो. अॅपर्चर एफ/८ वर आणि आयएसओ ४०० वर कायम ठेवावा आणि फक्त शटरचा वेग बदलावा: १/१०००, १/२५० आणि १/६० सेकंद. आयएसओ १०० ठेवला असता तर शेवटचा फोटो १/१५ सेकंदाचा झाला असता आणि त्यात पानं पुसट आली असती. ऑटो ब्रॅकेटिंग आणि सलग शूटिंग लावून तिन्ही फोटो रॉमध्ये एका दमात घ्यावेत. मधला वेळ जितका कमी, तितकी हालचाल कमी.

पुढचं काम लाइटरूममध्ये. तिन्ही फोटो निवडून Photo Merge मध्ये HDR घ्यावं. तिथे Deghost Amount चे None, Low, Medium आणि High असे पर्याय मिळतात. सॉफ्टवेअर हललेला भाग ओळखतं आणि तेवढ्या जागी मिश्रण न करता एकाच फोटोतला तुकडा वापरतं. Show Deghost Overlay वर खूण केली, की हा भाग रंगवलेला दिसतो. Low पासून सुरुवात करावी आणि बाई व पानं रंगाखाली येईपर्यंतच पुढे जावं. थेट High लावलं, तर न हललेले खांबही त्यात ओढले जातात आणि मिश्रणाचा फायदाच जातो.

एकाच फोटोचा तुकडा म्हणजे त्याचे दोषही आले. तो कमी प्रकाशाच्या फोटोतला असेल, तर सावलीत रवाळ ठिगळ दिसतं. जास्त प्रकाशाच्या फोटोतला असेल, तर पानांमागचं आकाश पांढरं पडतं. हे छोट्या चित्रात कळत नाही. फोटो शंभर टक्के मोठा करून माणसांच्या कडा आणि झाडाचे शेंडे तपासावेत.

तरीही ठिगळ राहिलं, तर निवड आपण करावी. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये एकत्र केलेल्या फोटोवर मूळ फोटोचा लेयर ठेवून मास्कने फक्त हलणारा भाग उघडावा. उन्हातली पानं १/१००० च्या फोटोतून आणि उंबऱ्याच्या सावलीतल्या बाई १/२५० च्या फोटोतून घ्याव्यात; लेयरचा उजेड आजूबाजूशी जुळवून घ्यावा. वारा जोरात असेल किंवा अंगणात गर्दी असेल, तर मात्र अंगण सांभाळणारा एकच रॉ फोटो घेऊन त्यातल्या सावल्या उजळाव्यात. खांबांवर थोडा रवा येईल, पण भूत येणार नाही.