पाच इंच धरलाय, बीम सोडून

गावाकडच्या एका गुरुजींचा सकाळी मेसेज आला: "साहेब, हजार फुटांचा स्लॅब आहे. सिमेंट, स्टील किती लागेल? एसटीत आहे, दुकानात चाललोय." लगेच फोन लावला, तर रेंज नव्हती.

इमारतींचे अंदाज काढणं हा माझा रोजचा उद्योग, त्यामुळे हा प्रश्न किती अर्धवट आहे ते वाचताक्षणी कळलं. स्लॅब किती जाडीचा? बीम त्यातच धरायचे की वेगळे? कॉंक्रीट जागेवर मिक्सर लावून करणार की तयार मागवणार? गच्ची मोकळी राहणार की पुढेमागे वर मजला चढणार? ही चारही प्रश्नांची यादी पाठवून उत्तराची वाट बघत बसणं हा एक मार्ग होता. पण गुरुजी दुकानात पोचणार, तिथं प्रश्नपत्रिका वाचणार, मिस्त्रीला फोन लावणार आणि मिस्त्री परांचीवर असणार. म्हणजे तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत लांबणार. उलट सगळं मनातल्या मनात गृहीत धरून "95 पोती" एवढंच कळवलं असतं, तर गुरुजी दुकानदाराला तेच सांगून मोकळे झाले असते. मी मनात काय धरलं होतं, ते कुणालाच कळलं नसतं.

मी लिहिलं ते असं: "स्लॅब 5 इंच जाड धरलाय, बीम धरलेले नाहीत, कॉंक्रीट जागेवर एम-20 (1 : दीड : 3) करणार असं धरलंय. मग सिमेंट 95 पोती, वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास, स्टील साधारण साडेनऊशे किलो. जाडी एक इंच कमी-जास्त झाली तर 19 पोत्यांचा फरक."

आकड्यांचा हिशेब कुणालाही पडताळता येईल इतका सोपा आहे. हजार चौरस फुटांवर 5 इंच जाडी म्हणजे सुमारे 417 घनफूट, घनमीटरमध्ये 11.8. पण हे ओतून झालेलं कॉंक्रीट. कोरडा माल एकमेकांत मुरतो, खडीच्या मधल्या पोकळीत वाळू आणि सिमेंट बसतं, म्हणून कोरडा माल त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, 1.54 पट धरतात. ते झाले सव्वाअठरा घनमीटरच्या आसपास. त्याचे साडेपाच भाग करायचे: एक सिमेंटचा, दीड वाळूचा, तीन खडीचे. 50 किलोच्या पोत्यात साधारण 35 लिटर सिमेंट मावतं, त्या हिशेबाने 95 पोती निघतात. स्टील दर घनमीटरला 80 किलो हा निव्वळ स्लॅबसाठीचा ढोबळ आडाखा. बारचं नेमकं वजन ड्रॉइंगवरूनच निघतं.

यातला गुणाकार कुणीही करेल. चूक होते ती धरलेल्या गोष्टींत. 5 इंचांऐवजी 4 इंच धरला तर 76 पोती, 6 धरला तर 114. हे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रत्येक वेगळ्या घराचा आहे. म्हणून माझ्या मेसेजमध्ये आधी जाडी आली आणि मग पोती.

वर लिहिण्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. माणूस आकड्यापाशी पोचला की वाचन थांबवतो. खाली "अटी लागू" म्हणून जे असतं ते वाद झाल्यावरच वाचलं जातं. शिवाय दुकानदाराला गुरुजी माझा मेसेज पुढे पाठवणार हे उघड होतं. मी गृहीतकं एका मेसेजमध्ये आणि आकडा दुसऱ्यात पाठवला असता, तर पुढे गेला असता फक्त आकडा. दोन्ही एकाच मजकुरात गुंफले की आकडा एकटा कुठे पळू शकत नाही. शाळेत भूमितीचं प्रमेय लिहिताना आधी "पक्ष" लिहायचा, मग "साध्य". सिद्धतेतली एखादी पायरी चुकली तर बाई तेवढेच गुण कापायच्या, पण पक्षातच गडबड असेल तर पुढची पानभर सिद्धता बघायच्याही नाहीत.

पण धरलेलं सगळंच वर लिहायला गेलं तर मेसेजचा करारनामा होतो. मीही बरंच काही धरलं होतं: वाळू कोरडी आहे, पोती ताजी आहेत, सांडलवंड होणार नाही. तरी त्यातल्या तीनच गोष्टी लिहिल्या. बदलली तर आकडा हलेल आणि गुरुजींना स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल, अशीच गोष्ट वर यायला हवी. सिमेंट कुठल्या कंपनीचं यानं पोत्यांची संख्या बदलत नाही, मग ते लिहायचं कशाला? वाळू मात्र मी लिहायला हवी होती. ओलसर वाळू फुगते, चतुर्थांशापर्यंतही फुगते. कोरडी पावणेदोन ब्रास लागत असेल, तर ट्रॉलीने मोजून घेतलेली ओली वाळू सव्वादोन ब्रासच्या जवळ जाते. दिवस पावसाळ्याचे होते आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शब्दांचीही एक कसोटी मी लावतो. लिहिलेल्या वाक्याला समोरच्याला "नाही हो" म्हणता आलं पाहिजे. "नेहमीच्या पद्धतीने धरलंय" असं लिहिलं तर गुरुजी त्याला नाही कसे म्हणणार? त्यांना कुठे माहीत माझी नेहमीची पद्धत? "125 मिलिमीटर" लिहिलं तरी तेच, कारण त्यांचा मिस्त्री इंचात बोलतो. "5 इंच" म्हटलं की टेप काढून शटरिंगची कड मोजता येते आणि खोटं ठरवता येतं.

शब्द नुसते सोपे असूनही भागत नाही, हे मी माझ्याच खर्चाने शिकलो आहे. खूप वर्षांपूर्वी एकाने विचारलं होतं, "अंगण 30 बाय 20 आहे, किती ब्रास होईल?" मी म्हटलं, "6 ब्रास." फरशीची मजुरी विचारतोय असं मी धरलं, आणि फरशी, प्लास्टर यांचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. तो विचारत होता मुरमाचं. मुरमाचा, वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. त्याला अर्धा फूट भराव करायचा होता, म्हणजे 3 ब्रास पुरले असते. दारात सहा ट्रॉल्या उभ्या राहिल्या. शब्द दोघांचा एकच होता, माझं उत्तर माझ्यापुरतं बरोबरही होतं, त्यामुळे चूक आहे असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. "फरशीचा ब्रास धरलाय" हे तीन शब्द आधी म्हटले असते, तर तो तिथल्या तिथे म्हणाला असता, "अहो, मुरूम!" उरलेला मुरूम पुढे दोन पावसाळे त्याच्या कुंपणापाशी ढिगाने पडलेला होता आणि मी त्या रस्त्याने जाणं टाळत होतो.

गुरुजींचं उत्तर वीस मिनिटांत आलं, बहुधा घाट उतरल्यावर. "जाडी 5 बरोबर. बीम धरूनच सांगा. मिस्त्री म्हणतो एकूण 160 फूट, 9 इंच रुंद, स्लॅबखाली 1 फूट. आणि पुढे गॅलरी आहे 3 फुटांची."

एका ओळीत दुरुस्ती आली, आणि मला मूळ हिशेब मोडावा लागला नाही. 160 फूट लांबी, पाऊण फूट रुंदी, एक फूट उंची, म्हणजे 120 घनफूट वाढले. त्याला 27 पोती. 95 अधिक 27, झाली 122. बीमला स्टील स्लॅबपेक्षा दाट लागतं, दर घनमीटरला 120 ते 150 किलो, म्हणजे चारशे ते पाचशे किलो आणखी. वाळूचंही आता सांगितलं: "ओली असेल तर ब्रासमागे पाव ब्रास जास्त घ्या."

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. "बीम धरलेले नाहीत" असं मी धरलं, ती बाजू चुकीची निवडली होती. स्लॅबच्या दिवशी माल कमी पडणं फार महागात जातं. ओतणं मध्येच थांबलं, आधीचं कॉंक्रीट घट्ट झालं की नव्याशी ते नीट सांधत नाही आणि पुढे पाणी नेमकं त्याच रेषेतून गळतं. चार पोती उरली तर ती दुकानदार परत घेतो किंवा प्लास्टरला लागतात. काही धरायचंच असेल तर चूक उरण्याच्या बाजूला झालेली बरी. त्या दिवशी निभावलं, कारण धरलेलं मी बोलून दाखवलं होतं.

गॅलरीचा मात्र मी हिशेबच केला नाही. तिचं सिमेंट किरकोळ: 20 फूट लांब, 3 फूट पुढे, म्हणजे 25 घनफूट, पाच-सहा पोती. पण पुढे आलेल्या, टेकू नसलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या बाजूला लागतात, कारण तो वरून ताणला जातो. खोलीच्या स्लॅबमध्ये, खोलीच्या मधोमध, त्या खाली असतात. मिस्त्रीने सवयीने गॅलरीतही त्या खाली ठेवल्या, किंवा वर बांधलेली जाळी ओतताना कुणाच्या पायाखाली दबून खाली गेली, तर बाहेरून काहीच दिसत नाही. शटरिंग काढलं की कळतं, आणि कधी कधी तेव्हाही कळत नाही. तिथं "सळया वर आहेत असं धरलंय" लिहून मोकळं होण्यात अर्थ नव्हता. पोती कमी पडली तर आणता येतात. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. अशा ठिकाणी मी काहीही धरत नाही, विचारतो, भले समोरचा चिडला तरी.

मी लिहिलं, "सिमेंट 122 घ्या, गॅलरीचं वेगळं. पण ओतायच्या आधी गॅलरीच्या सळयांचा आडवा फोटो पाठवा, त्याशिवाय ओतू नका."

दुपारी फोटो आला. मिस्त्रीने जाळी वर बांधली होती, पण खाली आधाराला खुर्च्या लावल्या नव्हत्या. त्याला फोन करून ते सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, ते उद्या लावणारच होतो."