पीएमपी: पुस्तक बाजूला, चुकांची वही पुढे

पीएमपीच्या तयारीला लागलेला माणूस पहिल्याच आठवड्यात एक जाडजूड पुस्तक विकत आणतो आणि पहिल्या पानापासून वाचायला बसतो. शाळेपासून इंजिनिअरिंगपर्यंत आपण हेच करत आलेलो असतो. आधी पोर्शन संपवायचा, मग शेवटच्या पंधरा दिवसांत जुने पेपर सोडवायचे. या परीक्षेत मात्र हा क्रम अंगाशी येतो, कारण ती व्याख्या विचारतच नाही. एक प्रसंग सांगते, चार पर्याय देते आणि ‘प्रकल्प व्यवस्थापकाने आधी काय करावं?’ एवढंच विचारते. चारही पर्याय वाचायला शहाणपणाचे वाटतात.

अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट 1984 पासून ही परीक्षा घेते. बसण्यासाठी चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवण्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचं प्रशिक्षण लागतं. जानेवारी 2021 पासूनच्या आराखड्यात 180 प्रश्नांसाठी 230 मिनिटं आहेत. त्यातले 42 टक्के प्रश्न माणसं सांभाळण्यावर, 50 टक्के कामाच्या प्रक्रियेवर आणि 8 टक्के व्यवसायाच्या वातावरणावर असतात. साधारण निम्मे प्रश्न अॅजाइल किंवा मिश्र पद्धतीचे असतात. जुलै 2026 साठी जाहीर झालेल्या नव्या आराखड्यात व्यवसायाच्या भागाचा वाटा बराच वाढला आहे. त्यामुळे आपल्या तारखेला कुठला आराखडा लागू आहे, हे संस्थेच्या संकेतस्थळावर आधी पाहावं. क्लासवाल्याची दोन वर्षांपूर्वीची पीडीएफ प्रमाण धरू नये.

नोकरी सांभाळून आठवड्याला दहा-बारा तास मिळत असतील तर दहा आठवडे धरावेत. सुरुवात वाचनाने नाही, न वाचताच सोडवलेल्या साठ मिश्र प्रश्नांनी करावी. गुण कमी पडतील, पण आपण कुठे कच्चे आहोत ते कळेल. आयटीतला माणूस स्प्रिंट आणि बॅकलॉगच्या प्रश्नांत सहसा तरतो आणि कंत्राटांचे प्रकार किंवा खर्चाचा हिशेब आला की अडखळतो. बांधकाम साइटवरच्या इंजिनिअरचं बरोबर उलट होतं. दोघांनी एकच वेळापत्रक वापरलं तर प्रत्येकाचे निम्मे तास येत असलेल्या गोष्टींवर खर्च होतात. म्हणून पुढचे सहा आठवडे विषयवार वाटून घ्यावेत आणि कच्च्या विषयाला दुप्पट वेळ द्यावा. प्रत्येक बैठकीत तासभर वाचन झालं की लगेच त्याच विषयाचे वीस-पंचवीस प्रश्न सोडवावेत.

आता एक प्रश्न जवळून पाहू. स्प्रिंट चालू आहे. ग्राहकाकडचा एक वरिष्ठ अधिकारी टीममधल्या मुलीला परस्पर सांगतो, ‘एक जादा रिपोर्ट टाकून दे.’ ती कामाला लागते आणि ते तुम्हाला कळतं. पर्याय असे: एक, काम थांबवून अधिकाऱ्याला नकार कळवणं. दोन, प्रायोजकाकडे तक्रार नेणं. तीन, बदल नियंत्रण मंडळाकडे विनंती पाठवणं. चार, मागणी प्रॉडक्ट ओनरपुढे ठेवून बॅकलॉगमध्ये तिचा क्रम ठरवू देणं. उत्तर चौथं. अॅजाइलमध्ये कशाला आधी हात घालायचा हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो आणि नवी मागणी त्याच्याच दाराने आत येते. प्रायोजकाकडे धावणं चुकतं, कारण जे आपल्या पातळीवर सुटतं ते वर ढकललेलं या परीक्षेला खपत नाही.

याच प्रसंगातून ‘स्प्रिंट’ काढून ‘मंजूर झालेली कार्यकक्षा’ घाला आणि चौथ्या पर्यायाच्या जागी ‘वेळ आणि खर्चावरचा परिणाम तपासणं’ ठेवा. आता तो पर्याय बरोबर ठरतो आणि मंडळाकडे विनंती पाठवणं त्यानंतरची पायरी होते. बरेच जण इथेच मार्क घालवतात. मंडळ आठवतं, पण प्रश्नातला ‘आधी’ हा शब्द नजरेतून सुटतो.

म्हणून चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी वहीत विषय, चुकीचा प्रकार आणि कारण अशी एक ओळ लिहावी. प्रकार तीनच: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, किंवा दोन पर्यायांवर आलो आणि चुकीचा निवडला. पहिल्या प्रकारावर वाचन हा इलाज आहे. दुसऱ्यावर प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचायची सवय लावावी. तिसऱ्यावर पुस्तकाचा उपयोग नाही. तिथे उरलेला प्रत्येक पर्याय का नको, हे आपल्या शब्दांत एकेका वाक्यात लिहावं लागतं. काम कंटाळवाणं आहे खरं, पण पाचव्या आठवड्यानंतर वहीत तिसराच प्रकार भरू लागला की दुसरं पुस्तक विकत घेण्याचा मोह आवरावा.

हिशेबाचे प्रश्न थोडेच येतात, पण त्यात फसवणूक छान असते. समजा, प्रकल्प 40 लाखांचा आणि दहा महिन्यांचा आहे. पाच महिन्यांनी निम्मं, म्हणजे 20 लाखांचं काम व्हायला हवं होतं, आणि खर्चही 20 लाखच झालाय. वरवर पाहता सगळं आलबेल वाटतं. पण काम झालंय 40 टक्के, म्हणजे 16 लाखांचं. CPI = EV / AC म्हणजे 16 भागिले 20, उत्तर 0.8. याच गतीने गेलं तर शेवटचा खर्च 40 भागिले 0.8, म्हणजे 50 लाख. सूत्र पाठ करण्यापेक्षा असे चार-पाच प्रकल्प स्वतः रचून सोडवले की ते हातात बसतं.

उजळणीचं चक्रही वहीवरूनच फिरतं. चुकलेल्या विषयाकडे दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी परत यायचं. पण तोच प्रश्न पुन्हा सोडवायचा नाही. ‘क’ हे अक्षर लक्षात राहिलेलं असतं, गुण वाढलेले दिसतात आणि आपण तयार झालो असं वाटू लागतं. त्याच विषयाचा नवा प्रश्न घ्यावा. त्यात पुन्हा चूक झाली तर ती ओळ चक्राच्या सुरुवातीला जाते. सलग दोनदा बरोबर आली तर काट मारावी.

सातव्या आठवड्याअखेर विषय उरकले की आठव्या आणि नवव्यात पूर्ण लांबीची एकेक सराव परीक्षा द्यावी, शक्यतो खऱ्या परीक्षेच्याच वेळेला. 230 मिनिटांत 180 प्रश्न म्हणजे एकाला सव्वा मिनिटाहून किंचित जास्त, आणि साठ प्रश्नांच्या टप्प्याला साधारण 76 मिनिटं. दर साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची सुट्टी मिळते. ती घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणून खूण केलेले प्रश्न टप्पा संपण्याआधीच मिटवावे लागतात, आणि हे घरी केलेलं नसेल तर तिथे धांदल उडते. सराव परीक्षेचा दुसरा दिवस तपासणीसाठी राखावा. बरोबर आलेली पण अंदाजाने दिलेली उत्तरंही त्यात तपासायची. दहाव्या आठवड्यात मोठी परीक्षा नको. वहीत काट न मारलेल्या ओळी आणि रोज वीसेक प्रश्न एवढंच ठेवावं.

उत्तीर्ण होण्यासाठी किती टक्के लागतात हे संस्था जाहीर करत नाही. निकालात प्रत्येक भागासाठी अपेक्षेपेक्षा वर, अपेक्षेइतकं, खाली किंवा सुधारणा हवी असा शेरा मिळतो. मंजुरीच्या एका वर्षात तीनदा बसता येतं. नापास झालात तर ज्या भागाला सर्वात खालचा शेरा आहे, त्या भागाच्या वहीतल्या ओळी काट मारलेल्यांसकट पुन्हा उघडाव्यात आणि नवं वेळापत्रक तिथून आखावं.