पुढची तारीख कुठून मोजायची?

समजा, ठाण्यातल्या एका बँक कर्मचारी बाईंनी ५ एप्रिलला दात तपासून घेतले आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ‘दर सहा महिन्यांनी’ अशी आठवण लावली. ५ ऑक्टोबरला फोन वाजला, पण दिवाळीच्या गडबडीत जाणं झालं २० नोव्हेंबरला. फोनला याचा पत्ताच नाही! तो पुन्हा ५ एप्रिललाच वाजणार, म्हणजे जेमतेम साडेचार महिन्यांनी. खरी तारीख २० मे.

म्हणून आठवण एकदाच वाजणारी ठेवावी आणि दवाखान्यातून निघतानाच पुढची लावावी. वार्षिक तपासणीचंही तसंच. फक्त तिथे अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा आठवण तीनेक आठवडे आधीची बरी.

गोंधळ होतो तो मधल्या फेरीमुळे. फेब्रुवारीत दाढ ठणकली, डॉक्टरांनी तेवढीच दाढ पाहिली. ही तपासणी नव्हे, तारीख मेचीच राहते. तापासाठी रक्त तपासलं म्हणून वार्षिक तपासणी झाली असंही नाही.

सहा महिने हाही दगडावरचा आकडा नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी हे अंतर हिरड्या आणि किडीचा धोका पाहून ३ ते २४ महिने असू शकतं. ते दंतवैद्यालाच विचारावं.