फोल्डर नको, यादी हवी

एका ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डरी क्लाउडमध्ये पार्के फाइलींत साठवलेल्या आहेत असं धरू. दर दिवसाचं एक फोल्डर. १४ मार्चला जीएसटी चुकीचा लागला, म्हणून रात्री त्या दिवसाच्या २०० फाइली दुरुस्त करून लिहायला घेतल्या. १०० झाल्या आणि प्रोग्राम बंद पडला. आता फोल्डरमध्ये जुन्या २०० आणि शेजारी नव्या १००. सकाळी अहवाल काढला तर कुठेच एरर नाही, फक्त त्या दिवसाची विक्री दीडपट.

हाइव्हच्या जुन्या पद्धतीत फोल्डरमध्ये जे सापडेल ते टेबल. साध्या डिस्कवर नवं फोल्डर तयार करून त्याचं नाव एका झटक्यात बदलता येतं. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये नाव बदलणं म्हणजे एकेका फाइलची प्रत काढून जुनी पुसणं, आणि ते मध्येच कुठेही अडकू शकतं. नेटफ्लिक्समध्ये या जाचातूनच रायन ब्लू आणि डॅनियल वीक्स यांनी आइसबर्ग घडवलं. २०१८ मध्ये ते अपाचे फाउंडेशनकडे गेलं.

आइसबर्ग फोल्डर चाळतच नाही. कोणत्या फाइली टेबलाच्या, याची ते यादी ठेवतं. त्या क्षणाची पूर्ण यादी म्हणजे स्नॅपशॉट. सगळे स्नॅपशॉट एका मेटाडेटा फाइलीत नोंदलेले असतात, आणि सध्याची मेटाडेटा फाइल कोणती, एवढंच कॅटलॉग सांगतो. दुरुस्तीच्या वेळी आधी २०० नव्या फाइली, मग नवी यादी, आणि अगदी शेवटी कॅटलॉगमधला तो एक पत्ता बदलायचा. मध्येच वीज गेली तरी वाचणाऱ्याला जुनीच यादी दिसते. नव्या फाइली तशाच बेवारस पडून राहतात, त्या नंतर झाडाव्या लागतात. दोघं एकदम लिहायला आले, तर मागे राहिलेल्याला ताज्या यादीवर पुन्हा प्रयत्न करावा लागतो. दोघांनी त्याच फाइली बदलल्या असतील तर त्याचं काम नाकारलं जातं.

कॉलमनाही असाच आधार आहे. ओळख नावाने नाही, क्रमांकाने. त्यामुळे नाव बदललं तरी फाइलींना हात लावावा लागत नाही, आणि काढलेल्या कॉलमच्या नावाने नवा आणला तर जुने आकडे त्यात उगवत नाहीत.

सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो, पण ते वाचता येतं. तसंच इथे, दुरुस्तीआधीची विक्री स्पार्कमध्ये अशी विचारायची:

```sql
SELECT sum(amount) FROM orders
TIMESTAMP AS OF '2025-03-14 23:00:00';
```

पण जुन्या फाइलींचं भाडं चालूच असतं. दर मिनिटाला लिहिणारं टेबल दिवसात १,४४० स्नॅपशॉट जमवतं. म्हणून `expire_snapshots` नेमाने चालवावं लागतं. वेगळं काही सांगितलं नाही तर ते पाच दिवसांहून जुने स्नॅपशॉट काढतं.

हे विसरलं की खरी पंचाईत होते. ग्राहक म्हणतो, माझी माहिती पुसा. `DELETE` चालवलं, मोजलं, शून्य ओळी आल्या. पण त्याच टेबलाला कालची तारीख घालून विचारलं, तर त्याचं नाव, फोन, पत्ता, सगळं जसंच्या तसं समोर येतं.