चाळीस स्लाइडमधून एक पान

समजा, संगमनेरकडच्या एखाद्या सहकारी दूध संस्थेने ब्रँडची चाळीस स्लाइडची मार्गदर्शिका करून घेतली. बोधचिन्हाभोवती मोकळी जागा किती आणि हिरवा रंग नेमका कोणता, हे सगळे तिच्यात आहे. भाषेच्या वाट्याला मात्र एकच स्लाइड आणि तीन शब्द: आपुलकी, विश्वास, ताजेपणा. सभासदांना रोज संदेश पाठवणाऱ्या सचिवाने यातून काय घ्यायचे?

नियम काढायचा तर संस्थेचे जुने वीस-पंचवीस मजकूर समोर घ्यावेत. पिशवीवरचे, फलकावरचे, मोबाईलवरचे. मग त्या तीनपैकी प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: याच्यामुळे यातले कोणते वाक्य खोडावे लागेल? एकही खोडावे लागत नसेल, तर तो शब्द अजून नियम झालेला नाही.

‘विश्वास’ घेऊन पाहू. जुना संदेश असा: ‘आपल्या दुधाची गुणवत्ता निकषानुसार नसल्याने दरात कपात करण्यात आली आहे.’ सकाळी धारा काढून आलेल्या माणसाला यातून काहीच कळत नाही. आता असे लिहिले: ‘आज तुमच्या दुधाला फॅट ३.२ आणि एसएनएफ ८.३ लागली. दर ३.५/८.५ ला धरलेला असल्याने तो कमी बसला.’ नियम तयार झाला: आधी आकडा, मग कारण, आणि ‘करण्यात आली’ कुठेही नको. आपुलकीचा अर्धा प्रश्नही इथेच सुटतो.

नावांत चुका जास्त होतात, म्हणून तिथे थोडे थांबावे. संस्थेत भाग असलेला तो ‘सभासद’, नुसते दूध घालणारा तो ‘दूध उत्पादक’. ‘पुरवठादार’ दोघांनाही नको. जिल्ह्याचे नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकृतपणे बदलले, म्हणून नव्या मजकुरात ‘अहिल्यानगर’, तेही जोडून. जुन्या कागदपत्राचा उल्लेख करताना मात्र त्यावरचे ‘अहमदनगर’ तसेच ठेवायचे. संस्थेच्या नोंदणीकृत नावात जुने नाव असेल, तर नोंदणी बदलेपर्यंत त्यालाही हात लावायचा नाही.

टाळायच्या शब्दांची यादी केवळ आवडीनिवडीवर बेतू नये. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबतच्या २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘शुद्ध’ हा शब्द, काहीही न मिसळलेल्या एकाच घटकाच्या पदार्थालाच लावता येतो. श्रीखंडात साखर आणि वेलची आली, म्हणजे ‘शुद्ध श्रीखंड’ बाद. ‘ताजे’ या शब्दालाही तिथे मर्यादा आहेत. तेव्हा मार्गदर्शिकेतला ‘ताजेपणा’ श्रीखंडाच्या डब्यावर उतरवण्याआधी तो नियम वाचावा. एरवी पॅकिंगची तारीख ठळक छापली की काम भागते.

अशा नियमांचे एक पान तयार झाले की दोन जणांना वेगवेगळे बसवून एकच सूचना लिहायला द्यावी: उद्या सकाळी संकलन एक तास उशिरा. एकाने ‘सभासद बंधूंनो’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’, तर संबोधनाचा नियम पानावर आलेलाच नाही. बंधू म्हटले, की गोठा सांभाळणाऱ्या बायका बाहेर राहतात. तिथे ‘सभासदांनो’ एवढे पुरे.