सकाळची लोकल आणि उपाशीपोटी सॅम्पल: होम कलेक्शनची जाहिरात कशी लिहायची

मागच्या व्हिडिओखाली लॅबवाल्यांचे बरेच प्रश्न आले. सगळ्यांचा सूर एकच होता, "सर, घरी येऊन ब्लड सॅम्पल घेतो, पत्रकं वाटली, पण नोकरी करणारी जोडपी काही फोन करत नाहीत." व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट लिहितोय. उदाहरण आपल्या उरणचंच घेऊ. उरण शहरातली एक छोटी पॅथॉलॉजी लॅब समजा, एक टेक्निशियन, एक स्कूटर, आणि गिऱ्हाईक हवंय द्रोणागिरीच्या सोसायट्यांमधलं.

आधी हे गिऱ्हाईक कसं आहे ते बघा. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी अटल सेतूही सुरू झाला. त्यामुळे द्रोणागिरीत राहून बेलापूर, नेरुळ किंवा थेट मुंबईत नोकरी करणारी जोडपी आता भरपूर आहेत. पण ही लाइन म्हणजे ठाणे-सीएसएमटी नव्हे, एक गाडी चुकली की पुढचीला बराच वेळ असतो. म्हणजे घर सोडायची वेळ ठरलेली, त्यात दहा मिनिटंही इकडे-तिकडे चालत नाहीत. डॉक्टरांनी टेस्ट लिहून दिलेली असते, चिठ्ठी फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेली असते आणि महिना तसाच जातो. या लोकांना टेस्टचं महत्त्व पटलेलं आहे. त्यांना लॅब उघडायच्या वेळेला तिथे उभं राहणं जमत नाही, एवढंच.

आता आपल्याकडे पत्रकांवर काय छापलेलं असतं? माझ्या दुकानात प्रिंटिंगला येतात ती पत्रकं मी वाचतो. "थकवा येतोय? थायरॉइड असू शकतं!" "आजच तपासा, हार्ट अटॅक टाळा." "७२ टेस्ट फक्त इतक्या रुपयांत." "१०० टक्के अचूक." "वेदनारहित सॅम्पल." यातलं प्रत्येक वाक्य लॅबच्या हातात नसलेली गोष्ट कबूल करतंय. लॅब रक्त तपासते आणि आकडा देते. त्या आकड्यावरून आजार आहे की नाही हे डॉक्टर ठरवतात आणि तो टाळायची हमी तर कोणीच देऊ शकत नाही. सुई टोचल्यावर दुखतं, थोडं का होईना. ७२ टेस्टची गंमत अशी की लिपिड प्रोफाइल ही एक टेस्ट केली तरी कागदावर कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड वगैरे बरेच आकडे येतात. सीबीसीचंही तसंच. आकडे मोजून त्यांना टेस्ट म्हणायचं, हा हिशोब शिकलेल्या गिऱ्हाइकाला लगेच कळतो.

कायद्याचंही बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि त्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात "मोफत" या शब्दावरही बंधन आहे. "मोफत होम कलेक्शन" लिहायचं आणि घरी गेल्यावर "पाचशेच्या वरच्या बिलालाच हं" असं सांगायचं, हे चालणार नाही. अट असेल तर त्याच ओळीत, त्याच अक्षरात लिहा. एनएबीएलचा शिक्काही लॅबला ती मान्यता असेल तरच, आणि ज्या टेस्टसाठी मान्यता आहे त्यांच्यापुरताच.

मग लिहायचं काय? उरणच्या जोडप्याला लॅब एकच गोष्ट खात्रीने देऊ शकते, ती म्हणजे वेळ. पण वेळ कबूल करायची तर आधी वेळेचा हिशोब करावा लागतो, आणि बहुतेक लॅब इथेच फसतात.

पहिला हिशोब टेक्निशियनचा. दोघांचं सॅम्पल घ्यायचं म्हणजे चिठ्ठी बघणं, ट्यूब काढणं, रक्त घेणं, नावं लिहिणं, पैसे घेणं, मिळून वीस मिनिटं धरा. पुढच्या घरापर्यंत जायला, गेटवर एंट्री करायला, लिफ्टची वाट बघायला पाच मिनिटं. सहा वाजता सुरू केलं तर साडेसातपर्यंत तीन घरं आरामात, एखाद्या घरी एकाचंच सॅम्पल असेल तर फार तर चार. त्यापुढे ताणायचं नाही, कारण दुसरं घड्याळही चालू असतं. साध्या ट्यूबमधलं रक्त गोठलं की साधारण दोन तासांच्या आत मशीनवर फिरवून वरचं सीरम वेगळं करावं लागतं. तसंच पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. पोटॅशियमही बिघडतं. शुगरसाठी म्हणूनच फ्लोराइडची वेगळी ट्यूब असते. सहा वाजता घेतलेलं पहिलं सॅम्पल आठच्या आत लॅबमध्ये पोचायला हवं, म्हणून फेरी साडेसातला संपली पाहिजे. "सकाळी ५ ते ११, कधीही बोलवा" असं छापणाऱ्याने हा हिशोब केलेलाच नसतो.

दुसरा हिशोब जोडप्याच्या जेवणाचा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. फास्टिंग शुगरला किमान आठ तास पोट रिकामं लागतं. आता रात्री नऊला घरी आलेलं माणूस दहाच्या पुढे जेवायला बसतं. समजा साडेदहाला जेवण संपलं आणि सव्वासहाचा स्लॉट दिला. झाले किती? पावणेआठ तास. पंधरा मिनिटं कमी. टेक्निशियन दारात उभा, "शेवटचं कधी खाल्लं?" असं विचारतो, आणि फेरी फुकट जाते. किंवा त्याहून वाईट, तो विचारतच नाही. तेव्हा सव्वासहाचा स्लॉट दिला की त्याच मेसेजमध्ये "रात्री दहाच्या आत जेवण उरका" हे गेलंच पाहिजे. काही डॉक्टर लिपिडसाठी जास्त तास सांगतात, तिथे जेवण आणखी लवकर. साधं पाणी चालतं, चहा नाही. बिनसाखरेचा चहासुद्धा नको. हे सांगायला लाजू नका, कारण आपल्याकडे पहाटेचा चहा हा खाण्यात धरत नाहीत.

तिसरा मुद्दा पीपीचा. जेवणानंतरची शुगर ही खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घेतात. सात वाजता नाश्ता केलेलं माणूस नऊ वाजता ऑफिसच्या वाटेवर असणार. त्याला "फास्टिंग आणि पीपी घरबसल्या" असं सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट लपवणं. चिठ्ठीत पीपी असेल तर सुट्टीचा दिवस द्या. आणि मोह झाला तरी "पीपीऐवजी एचबीएवनसी करून टाका" असं लॅबने सुचवू नये. ती टेस्ट उपाशीपोटी नाही केली तरी चालते हे खरं, पण कोणती टेस्ट करायची हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे.

आता हे सगळं मेसेजमध्ये उतरवू. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांब मेसेजची सुरुवातच दिसते, बाकीचा भाग उघडावा लागतो. म्हणून गाव आणि वेळ सगळ्यात वर. (रक्कम उदाहरणादाखल घेतलीय, तुमची टाका.)

"द्रोणागिरी, बोकडवीरा, उरण शहर: ब्लड सॅम्पल घरी येऊन घेतो, सोमवार ते शनिवार, सकाळी ६ ते ७:३०.

डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी आदल्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत या नंबरवर पाठवा. खर्च, तुमची वेळ आणि रात्री कितीपर्यंत जेवायचं, हे उत्तरात लिहून पाठवतो.

दोघांचं सॅम्पल एकाच फेरीत. घरी येण्याचे १०० रुपये, दोघांचे मिळून एकदाच.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर उघडतो, ट्यूबवर नाव तुमच्यासमोर लिहितो.

ज्याचा रिपोर्ट त्याच्याच नंबरवर.

या वेळेत जास्तीत जास्त ४ घरं होतात. जागा नसेल तर आदल्या रात्रीच सांगतो.

नाइट शिफ्ट असेल, पीपी टेस्ट असेल तर मेसेजमध्ये लिहा, वेगळी वेळ ठरवू. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा."

बघा, यात घाबरवणारा एक शब्द नाही आणि आरोग्याचं एकही आश्वासन नाही. तरी वाचणाऱ्याच्या मनातली अडचण सुटते. "४ घरं" ही ओळ दुकानदारीतली खोटी घाई नव्हे. ती आपण वर मोजलेली संख्या आहे. पाचवं घर आलं आणि तुम्ही हो म्हटलंत, तर चौघांपैकी कोणाची तरी लोकल चुकणार.

नाव समोर लिहायची ओळ मुद्दाम घातलीय. आपल्याकडे एका बिल्डिंगमध्ये तीन म्हात्रे आणि चार पाटील असतात, आणि नवरा-बायकोचं तर आडनाव बहुधा एकच. नुसतं आडनाव आणि आधीच नाव घातलेल्या ट्यूब घेऊन गेलं की अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. रक्त घेतल्यावर, माणूस समोर असताना, पूर्ण नाव आणि वय लिहून त्यालाच वाचून दाखवायचं. हे रोज करणार असाल तरच जाहिरातीत छापा.

"ज्याचा रिपोर्ट त्याच्याच नंबरवर" ही ओळ काही लॅबवाल्यांना जादा वाटते. नवऱ्याने बुकिंग केलं म्हणून बायकोचा रिपोर्ट त्याला पाठवायचा, अशी आपली सवय. पण कोणती टेस्ट कोणी कोणाला सांगायची हे त्या माणसाचं आहे. बुकिंग करताना दोघांचे नंबर घ्या. नोकरी करणाऱ्या बाईला ही ओळ लगेच दिसते, आणि माझ्या मते फोन बहुतेक तीच करणार आहे.

नाइट शिफ्टची ओळ न्हावा शेवाच्या बंदरात आणि ओएनजीसीत शिफ्टने काम करणाऱ्यांसाठी आहे. रात्री दोनला डबा खाल्लेल्या माणसाला सकाळी सात म्हणजे पाचच तास होतात. त्याचं "रात्र" आणि आपलं "रात्र" वेगळं, म्हणून त्याला वेळ विचारूनच स्लॉट द्यायचा.

"रिपोर्ट त्याच दिवशी" हे मी मुद्दाम टाकलं नाही. सीबीसी आणि शुगर तुमच्याच मशीनवर होत असतील तर संध्याकाळपर्यंत देता येतील, पण बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवायच्या टेस्टचं घड्याळ तुमच्या हातात नसतं. प्रत्येक चिठ्ठीला उत्तर देताना टेस्टच्या नावापुढे तिची वेळ लिहा.

बुकिंग झाल्यावर रात्री आठला एक मेसेज जातो का, यावर सगळी सकाळ अवलंबून आहे. तो असा: "उद्या ६:१५. आज रात्री १० च्या आत जेवण उरका, त्यानंतर फक्त पाणी. रोजच्या गोळ्या सकाळी घ्यायच्या की नंतर, हे डॉक्टरांना विचारा. येण्याआधी दहा मिनिटं फोन करतो." आठच का? कारण तेव्हा ते जोडपं अजून गाडीत असतं, हातात मोबाइल असतो आणि जेवायला अजून दोन तास असतात. हाच मेसेज साडेदहाला पाठवलात तर ताट वाढलेलं असेल.

आणि लॅबच्या वहीत दोन रकाने वाढवा: कबूल केलेली वेळ आणि दारात पोचल्याची वेळ. पंधरा दिवस भरा. फरक दहा मिनिटांच्या वर जात असेल तर मेसेजमधलं ४ खोडून ३ करा.