छापलेला ठिपका आणि कॅमेऱ्याचा ठिपका

रात्री फ्लॅश लावून पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की दोन दोष दिसतात. मधोमध पांढराशुभ्र डाग पडतो आणि कडेच्या ओळींवर रवाळ कण पसरतात. आपण दोन्हींना 'फोटो बिघडला' म्हणतो, पण हे दोष एका जातीचे नाहीत. पहिल्यात अक्षर नष्ट होते, दुसऱ्यात ते फक्त झाकले जाते.

आधी डाग पाहू. फोनमध्ये फ्लॅश भिंगाला खेटून असतो. फोन पानावर सरळ धरला की गुळगुळीत कागद आरशासारखा तो प्रकाश थेट भिंगात परत पाठवतो. नेहमीच्या फोटोत उजेडाची मोजणी 0 ते 255 अशी असते. डागात कागदही 255 आणि त्यावरची शाईही 255. फरकच उरला नाही, तर अक्षर कुठून येणार? मग उजेड कितीही कमी करा, पांढरा डाग राखाडी होतो, एवढंच.

आता कण. डागामुळे कॅमेरा आपली मोजणी आखडती घेतो आणि कडा काळवंडतात. आपण त्या उजळवतो, तेव्हा कणही उजळतात. प्रकाश कणाकणाने येतो; सरासरी 100 कण आले तर चढउतार साधारण 10 चा, म्हणजे दहा टक्के. 10,000 आले तर 100 चा, म्हणजे एकच टक्का. उजेड थोडा, तर गोंधळ मोठा.

मराठी वाचणाऱ्याला हे महाग पडतं, कारण आपला अनुस्वार म्हणजे नुसता ठिपका. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकात 'नांव' असं छापलेलं असे. पण फोटोत 'ना'वर दिसणारा ठिपका शाईचा की कॅमेऱ्याचा? आणि 'वंश'चा ठिपका डागात गेला, तर उरतो 'वश'.

यावर कसोटी सोपी आहे. त्याच पानाचे लागोपाठ तीन-चार फोटो काढा. कण प्रत्येक वेळी जागा बदलतात, छापलेला ठिपका हलत नाही. असे 16 फोटो नीट जुळवून त्यांची सरासरी काढली, तर कणांचा गोंधळ चौपट कमी होतो. मात्र कागदावरचा जुना डागही जागचा हलत नाही; तिथे मूळ पानच पाहायला हवं.

चकाकीला ही सरासरी लागू पडत नाही. तिथे प्रकाशाची वाट बदलावी लागते. फोन वीस-पंचवीस अंश तिरपा करा, चकाकी पानाबाहेर सरकते. त्याहून बरं म्हणजे फ्लॅश बंद करून टेबलावरचा दिवा बाजूने ठेवा, फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा आणि टायमर लावा. हात हलत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला जास्त वेळ प्रकाश घेता येतो.

फोटो काढल्यावर पुस्तक मिटण्याआधी तो मोठा करून अनुस्वार तपासा. पान समोर आहे तोवरच गेलेलं अक्षर परत मिळतं.